१४० च्या वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत नक्की किती वेळात पोचतो?

दुसरी स्लिप

मी आठवी-नववीला गणित शिकवते. वेग, अंतर, वेळ हा धडा आला की आगगाडीऐवजी क्रिकेटची गणितं घालते, पोरं निदान जागी राहतात. परवा एका मुलानं विचारलं, "मॅडम, कॉमेंट्रीवाले म्हणतात १४० च्या बॉलला बॅट्समनकडे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ असतो. आपलं उत्तर तर जास्त येतंय."

फळ्यावरचा हिशोब असा. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. १४० ला ३.६ ने भागलं की सेकंदाला ३८.९ मीटर. २०.१२ भागिले ३८.९ म्हणजे ०.५१७ सेकंद. अर्ध्याहून जास्तच! आता कॉमेंट्रीवाला चूक की फळा चूक? मुलाला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जाणकारांनी मदत करावी.

लेगबाय

फळा बरोबर आहे. मी तर दर वेळी मीटर-सेकंद करतच बसत नाही. २०.१२ गुणिले ३.६ म्हणजे ७२.४. हा एक आकडा लक्षात ठेवायचा आणि ताशी वेगानं भागायचं. १२० ला ०.६०, १४० ला ०.५२, १५० ला ०.४८. शोएब अख्तरचा २००३ च्या विश्वचषकात केपटाऊनला इंग्लंडविरुद्ध टाकलेला १६१.३ चा चेंडू घ्या, ०.४५. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत यायला जवळपास १४५ चा वेग लागतो. कॉमेंट्रीत सगळं गोळाबेरीज असतं हो ताई.

शेवटचा बेंच

थांबा थांबा. गोलंदाज काय स्टंपांच्या मागून टाकतो का? त्याचा पुढचा पाय पॉपिंग क्रीजवर पडतो, ती क्रीज स्टंपांच्या ४ फूट पुढे. फलंदाजही त्याच्या बाजूला तसाच ४ फूट पुढे उभा. ६६ फुटांतून ८ गेले, राहिले ५८ फूट, म्हणजे १७.७ मीटर. आता भागा ३८.९ ने. ०.४५५. विषय संपला. कॉमेंट्रीवाला बरोबर, फळा चूक. अख्तरचा तर ०.३९५ मध्येच येत होता, ०.४५ नव्हे.

दुसरी स्लिप

हे पटतंय. चेंडू स्टंप ते स्टंप जात नाही हे मुलांनाही लगेच कळेल. मग ५८ फूट हेच फायनल धरू का?

सोसायटी सचिव

आमच्याकडे पार्किंगमागे १८ यार्डाची पट्टी आहे, मागे भिंत आल्यामुळे जास्त जागाच नाही. दर रविवारी टेनिस बॉलवर मॅच. आमचा एक पोरगा असा टाकतो की बॉल दिसतच नाही, सगळे म्हणतात १३० नक्की. त्याला कुठल्या अकॅडमीत पाठवावं? आणि टेनिस बॉल स्पीड गनवर चालतो का?

लेगबाय

सचिव साहेब, धागा अकॅडमीचा नाहीये :) पण १८ यार्डाचं गणित मजेशीर आहे. १८ यार्ड म्हणजे १६.४६ मीटर, ७२.४ च्या जागी ५९.३ घ्या. तुमचा पोरगा ९० नं टाकत असेल तर ०.६६ सेकंद. तेवढाच वेळ २२ यार्डांवर ११० च्या चेंडूला लागतो. जागा कमी म्हणून तो वीसेक किलोमीटर जास्त वेगवान वाटतो.

वाऱ्याची दिशा

उशिरा आलो, पण विषय माझ्या आवडीचा.

शेवटचा बेंच, अंतराचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर, उत्तर मात्र बरोबर नाही. तुम्ही असं धरलंत की चेंडू १४० नं सुटला आणि १४० नंच बॅटवर आला. स्पीड गनवर दिसणारा आकडा हातातून सुटतानाचा असतो. तो त्या चेंडूचा सगळ्यात मोठा वेग, त्यानंतर फक्त उतरणच. उतरतोही दोनदा: आधी हवेत, मग टप्प्यावर.

हवेतलं आधी बघू. सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा, ७.२ सेंटिमीटर जाडीचा. हवेचा विरोध धरला तर टप्पा पडेपर्यंतच्या बारा-साडेबारा मीटरमध्ये तो आठ टक्क्यांच्या आसपास वेग गमावतो. १४० नं सुटलेला चेंडू खेळपट्टीवर आदळतो तेव्हा १२८ वर आलेला असतो.

आता टप्पा. चेंडू सुटतो दोन मीटरहून थोडा वरून, त्यामुळे खेळपट्टीवर येताना त्याला खालच्या दिशेनं सेकंदाला ८ मीटरच्या आसपास वेग असतो. आदळताना खेळपट्टी त्याला घासते आणि पुढे जायच्या वेगातला एक लचका तोडते. नेहमीच्या कोरड्या खेळपट्टीवर हा लचका बारा टक्क्यांच्या आगेमागे धरा. १२८ चे झाले ११३. बॅटपर्यंत येताना आणखी थोडे, ११० च्या आत.

गुड लेंथचा चेंडू घेऊन वेळ काढू. फलंदाजाच्या क्रीजपासून पाच-सव्वापाच मीटर अलीकडे टप्पा. हातापासून टप्प्यापर्यंत १२.५ मीटर, त्याला ०.३३६ सेकंद. टप्प्यापासून क्रीजपर्यंत ५.२ मीटर, त्याला ०.१६८. बेरीज ०.५०४.

आणि आता गंमत बघा. ताईंच्या फळ्यावर होतं ०.५१७. त्यांनी अंतर आठ फूट जास्त धरलं आणि वेगही जास्त धरला. एकानं वेळ वाढली, दुसऱ्यानं कमी झाली, उरला जेमतेम तीन टक्क्यांचा फरक. शेवटच्या बेंचनं दोनपैकी एकच चूक दुरुस्त केली, म्हणून ते ०.४५५ वर जाऊन फळ्यापेक्षा लांब पडले. ७२.४ चा ठोकताळा चांगला चालतो, पण तो का चालतो ते ठाऊक असू द्या.

शेवटचा बेंच

म्हणजे अर्धं बरोबर असण्यापेक्षा पूर्ण चूक बरं! वा.

पण तुमचे आठ टक्के आणि बारा टक्के आले कुठून? बारा टक्के हवे तसे धरले की उत्तर हवं तसं येतंच.

वाऱ्याची दिशा

रास्त शंका आहे. हवेतल्या आकड्यावर मला भरवसा आहे, कारण वजन आणि आकार नियमानंच ठरलेले आहेत. शिवणीची दिशा आणि चेंडूची चकाकी यानं टक्का-दोन टक्के इकडेतिकडे, एवढंच. टप्प्याचा आकडा मात्र खरंच खेळपट्टीवर अवलंबून. हिरवट, ओलसर, दव पडलेली असेल तर घर्षण कमी, लचका सात-आठ टक्क्यांवर येतो. भुसभुशीत असेल तर पंधराच्याही वर जातो. म्हणून माझ्या ०.५०४ मधला शेवटचा ४ मनावर घेऊ नका. ०.४९ ते ०.५१ म्हणा. कॉमेंट्रीवाला सीमारेषेवर पकडला गेलाय, झेल की षटकार हे खेळपट्टीनुसार.

रिटायर्ड हर्ट

मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं नवा चेंडू टाकलाय, म्हणून बोलतो. कागदावरचं सगळं ठीक, पण काही बॉल टप्पा पडल्यावर पळतात. हे मी बॅटिंग करतानाही बघितलंय. तुम्ही म्हणता टप्प्यावर वेग कमीच होतो. मग "निघाला" म्हणतो तो बॉल कुठला? पावसाळ्यात कांगा लीगला या आणि बघा.

वाऱ्याची दिशा

साहेब, तुम्ही जे बघितलंत ते खरं आहे, फक्त त्याचं नाव वेगळं आहे. चेंडू पळत नाही, कमी थांबतो.

आकड्यात सांगतो. कोरड्या खेळपट्टीवर १२८ चा ११३ होतो. ओल्या खेळपट्टीवर तोच १२८ चा ११९ होऊ शकतो. दोन्हीकडे वेग घटलाच. टप्पा ते बॅट या प्रवासात फरक पडतो ०.००९ सेकंदाचा. वाचायला काहीच नाही, पण तेवढ्या वेळात चेंडू जवळजवळ एक फूट पुढे जातो. कोरड्या विकेटच्या हिशोबानं बॅट खाली आणलेला फलंदाज एक फूट उशिरा येणार. त्याला वाटणार, बॉल निघाला. पावसाळी क्रिकेटमध्ये तर हे सर्रास होणार.

टप्प्यावर वेग खरोखर वाढायचा तर चेंडूला पुढच्या दिशेनं इतकी फिरक हवी की त्याची कड चेंडूपेक्षा जोरात पळाली पाहिजे. मिनिटाला दोन हजार फेऱ्या फिरवणाऱ्या फिरकी गोलंदाजाच्या चेंडूची कड सेकंदाला साडेसात मीटर फिरते. चेंडू स्वतः जातो बावीस-तेवीस मीटरनं. त्यामुळे टॉपस्पिन पडल्यावर कमी मंदावतो खरा, पण वाढत नाही.

रिटायर्ड हर्ट

कमी थांबतो म्हणा की पळतो म्हणा, स्टंप उडाला की एकच. पण एक फूट हे पटलं. पॅडवर बॉल आदळायचा आणि बॅट मागून यायची, असंच व्हायचं.

दुसरी स्लिप

एक शंका. यॉर्कर आणि बाउन्सर एकाच वेगानं टाकले तर वेळ सारखीच लागेल ना? सोमवारी कुणीतरी विचारणारच.

वाऱ्याची दिशा

नाही लागणार, आणि हे वर्गात सांगण्यासारखं आहे. बॅटच्या बुंध्यात पडणाऱ्या यॉर्करला टप्प्याचा फटका बसतच नाही, तो फक्त हवेतून येतो. १४० चा यॉर्कर १७.७ मीटर ०.४८ मध्ये पार करतो. आखूड चेंडू मधोमध आपटला तर तो जास्त उभा येऊन आदळतो, लचका मोठा जातो, आणि मंदावल्यानंतरचा प्रवासही लांब. त्याला ०.५२ ते ०.५३ लागतात. गन दोघांना १४० दाखवणार, फलंदाजाला मात्र बाउन्सरवर ०.०४ सेकंद जास्त मिळणार. पुल मारणाऱ्याला तो वेळ लागतोच म्हणा.

तिसरा पंच

मला वाटतं एकूण वेळेपेक्षा त्यातला कुठला भाग फलंदाजाच्या उपयोगाचा, हे जास्त महत्त्वाचं आहे. ब्रिटनचे पीटर मॅकलिऑड यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मॅटिंगखाली लाकडी दांड्या ठेवल्या, म्हणजे चेंडू टप्प्यावर कुठे वळेल हे कुणालाच सांगता येऊ नये. खेळणारे कसलेले फलंदाज. वळण दिसल्यापासून साधारण ०.२ सेकंदांच्या आत कुणालाही फटका बदलता आला नाही.

आता वरचा हिशोब लावा. १४० चा गुड लेंथ चेंडू टप्प्यानंतर ०.१६८ सेकंदांत बॅटवर. म्हणजे टप्प्यावर सीम झालेला चेंडू बघून खेळणं शक्यच नाही. जे ठरायचं ते पहिल्या ०.३३६ मध्ये, तेही सगळं नाही, कारण बॅट खाली आणायलाही वेळ जातो.

२००० साली मॅकलिऑड आणि मायकेल लँड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवून बघितलं. नजर आधी हातातून सुटणाऱ्या चेंडूवर असते, मग चेंडूला मागे टाकून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते. जितका चांगला फलंदाज तितकी ती उडी लवकर. "शेवटपर्यंत बॉल बघ" असं कोच ओरडतात, पण मधला काही भाग कुणीच बघत नाही.

रिटायर्ड हर्ट

कोचनं तसं ओरडलंच पाहिजे. नाहीतर पोरं डोकं वर काढतात.

काकडे मळा

माझ्या मावशीचा मुलगा १७ वर्षांचा आहे, अकॅडमीत जातो. त्यांच्या अकॅडमीत स्पीड गन नाही. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतलं, सेकंदाला २४० फ्रेम. हातातून सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंत १३४ फ्रेम मोजल्या. १३४ भागिले २४० म्हणजे ०.५५८ सेकंद. लेगबाय यांच्या ठोकताळ्यानं ७२.४ भागिले ०.५५८, जवळजवळ १३०. सतराव्या वर्षी १३० म्हणजे भारीच की! घरात पेढे आणायचं चाललंय.

लेगबाय

पेढे आणाच, कारण नंतर शोधू.

वाऱ्याची दिशा

पेढ्यांआधी एक सांगा. फलंदाजानं तो चेंडू पुढे येऊन खेळला की मागे जाऊन?

काकडे मळा

पुढे. चांगला पाय टाकून ड्राइव्ह मारला. क्रीजच्या एक मीटर पुढे बॅट लागली असेल.

वाऱ्याची दिशा

मग ठोकताळा इथे फसतो. तो जुळतो ते फलंदाज क्रीजमध्ये उभा राहून खेळला तर. पुढे येऊन खेळला की चेंडूचा प्रवास १७.७ ऐवजी १६.७ मीटरच. १६.७ भागिले ०.५५८ म्हणजे सेकंदाला २९.९ मीटर, ताशी १०७.७. ही झाली सरासरी. हातातून सुटतानाचा वेग सरासरीपेक्षा नऊ-दहा टक्के जास्त, म्हणजे ११८ च्या घरात.

पण हाही आकडा मला आवडत नाही, कारण त्यात खेळपट्टीचा लचका अंदाजानं धरावा लागतो. टप्प्यापर्यंतच मोजा. टप्पा कुठे पडला ते स्टंपांपासून टेपनं मोजता येतं आणि त्यात खेळपट्टीचा संबंधच येत नाही. व्हिडिओ बाजूनं घेतलेला असेल तर टप्प्याची फ्रेम नेमकी सापडेल, मागून घेतलेल्यात नाही सापडत.

काकडे मळा

बाजूनंच आहे. टप्पा ९१ व्या फ्रेमला. टेनिस कोर्टवाल्यांचा चुना घेऊन आम्ही दर मीटरला खुणा केल्या होत्या, सात मीटरच्या खुणेवर पडला, फलंदाजाच्या स्टंपांपासून.

वाऱ्याची दिशा

खुणा केल्यात हे फार छान केलंत. आता सोपं आहे. चेंडू सुटला तिथून फलंदाजाच्या स्टंपांपर्यंत १८.९ मीटर. त्यातून ७ वजा, ११.९ मीटर. ९१ भागिले २४० म्हणजे ०.३७९ सेकंद. सरासरी सेकंदाला ३१.४ मीटर, ताशी ११३. एवढ्या अंतरात सरासरी ही सुटतानाच्या वेगाच्या ९६ टक्के असते, म्हणून ११३ भागिले ०.९६, पुन्हा ११८. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं म्हणजे मोजणी नीट झाली आहे.

चूक किती असू शकते तेही सांगा घरी. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर एक टक्का. हात सुटायची जागा वीस सेंटिमीटर पुढेमागे झाली तर पावणेदोन टक्के. तेव्हा ११५ ते १२१. आणि मोबाईलवर साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे करू नका, तिथे एका फ्रेममध्ये चेंडू मीटरभर पुढे जातो.

काकडे मळा

११८. घरी सांगायला जरा जड जाईल. पेढ्यांचं सांगितलंय आधीच.

रिटायर्ड हर्ट

सतराव्या वर्षी ११८ आणि लाइन धरून टाकत असेल तर वाईट नाही. दिशा कशी आहे ते कुणी मोजलं का?

सोसायटी सचिव

मग आमच्या टेनिस बॉलवाल्याचं काय? व्हिडिओ मीही काढतो.

वाऱ्याची दिशा

सचिव साहेब, तुमच्याकडे वरचे टक्के चालणार नाहीत. टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, आकार जवळपास सीझन बॉलएवढाच, वर लव. हवा त्याला फार लवकर रोखते. दहा मीटरमध्ये सीझन बॉल सहा-सात टक्के गमावतो, टेनिस बॉल साधारण सहावा हिस्सा. तेव्हा टप्प्यापर्यंतची सरासरी काढलीत की तिला ०.९६ ने नव्हे, ०.९ ने भागा. गनवर टेनिस बॉल चालतो, फक्त गन गोलंदाजाच्या किंवा फलंदाजाच्या मागे सरळ रेषेत धरा. बाजूला वीस अंश सरकलात तर १४० चा चेंडू १३१-१३२ दाखवेल.

तिसरा पंच

याच मुद्द्यावर माझा एक जुना प्रश्न आहे. जेफ थॉमसनचा १९७५ मधला पर्थचा आकडा १६० च्या वर सांगतात. १९७९ मध्ये पर्थलाच वेगवान गोलंदाजांची स्पर्धा झाली, त्यात तो पहिला आला ते १४७.९ नं. चार वर्षांत, खांद्याच्या दुखापतीनंतर, तेरा किलोमीटर कमी होणं शक्य आहे. पण तेव्हा कॅमेऱ्यानं मोजायचे. कुठल्या दोन बिंदूंमधली सरासरी धरली यावर आकडा बदलतो हे आत्ताच वर दिसलं. मग हे आकडे अख्तरच्या १६१.३ शेजारी ठेवायचे कसे?

शेवटचा बेंच

ठेवायचे नाहीत. थॉमसन आजच्या गनवर १७० दाखवला असता. मी यावर पैज लावतो.

वाऱ्याची दिशा

पैज नको. टप्प्यापर्यंतची सरासरी धरली असेल तर चार टक्के मिळवा, १४७.९ चे १५४ होतील. सुटतानाचाच वेग धरला असेल तर काहीच मिळवायचं नाही. १७० मात्र कुठल्याच वाटेनं येत नाही.

शेवटचा बेंच

बघा, १५४ तर तुम्हीच दिलेत. अजून थोडं घासाघीस करू.

दुसरी स्लिप

सगळ्यांचे आभार. सोमवारी आधी ०.५१७, मग शेवटच्या बेंचचं ०.४५५ आणि मग ०.५०४ असं तिन्ही फळ्यावर मांडणार आहे. हवेचे टक्के आठवीला कसे पटवायचे ते बघते. काकडे मळा, तुमच्या व्हिडिओतल्या फ्रेमचे आकडे गणितात घातले तर चालतील का? नाव घेणार नाही.

काकडे मळा

घाला की ताई. एकच विचारतो, पुढच्या आठवड्यात त्यांची मॅच मॅटिंगवर आहे. तिथे तेच ११८ येतील का?

वाऱ्याची दिशा

टप्प्यापर्यंतचे येतील. टप्प्यानंतरच्या फ्रेम बदलतील. मॅटिंग चेंडूला जास्त पकडते असं म्हणतात, किती ते मला आकड्यात बघायचंय. या वेळी टप्पा ते बॅट ४.८ मीटरला ४३ फ्रेम लागल्या आहेत. तिथे ड्राइव्ह नको, फलंदाजानं सोडून दिलेला चेंडू निवडा, टप्प्यापासून स्टंपांपर्यंत मोजा, आणि खुणांचा चुना विसरू नका.